बँकेच्या शाखेचा आराखडा : ३० × ५० फुटांच्या गाळ्यात काउंटर, स्ट्राँगरूम, रांग आणि कर्मचाऱ्यांची ये-जा कशी बसवावी?

मोजपट्टी

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी वास्तुविशारद म्हणून काम करते. एका नागरी सहकारी बँकेची शाखा जुन्या भाड्याच्या जागेतून नव्या इमारतीच्या तळमजल्यावर हलवायची आहे. यापूर्वी मी दवाखाने आणि दुकाने पुष्कळ केली आहेत, पण बँक पहिलीच असल्याने जाणकारांचे मत हवे आहे.

गाळा रस्त्यालगत ३० फूट रुंद आणि ५० फूट खोल आहे. रस्ता पश्चिमेला आहे, म्हणजे आत शिरताना डावीकडे उत्तर येते. डावीकडची भिंत शेजारच्या दुकानाशी सामाईक आहे. उजवीकडे आणि मागे दहा-दहा फुटांची मोकळी जागा आहे. खाली तळघर नाही. वरच्या मजल्यावर दवाखाना असून त्याची स्वच्छतागृहे नेमकी आमच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर येतात. बँकेला रोखीचे दोन काउंटर, इतर कामांचे तीन, व्यवस्थापकांची केबिन, लॉकरसह स्ट्राँगरूम, एटीएम, दप्तरखोली आणि कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छतागृह एवढे हवे आहे.

माझ्या पहिल्या आराखड्यात स्ट्राँगरूम मागच्या डाव्या कोपऱ्यात आहे, कारण तेथे दोन भिंती आयत्या मिळतात. काउंटर इंग्रजी 'यू' अक्षरासारखे तीन बाजूंनी आहेत आणि मधोमध ग्राहकांचे दालन आहे. सर्वाधिक लोक रोखीसाठी येत असल्याने रोखीचे काउंटर दाराजवळ उजवीकडे ठेवले आहेत, आणि एटीएम पुढे डावीकडे आहे. बँकेच्या अधिकाऱ्यांनी आराखडा पाहून "कर्मचाऱ्यांची ये-जा वेगळी दाखवा" एवढाच शेरा मारून तो परत पाठवला. आतल्या बाजूने तीन फुटांची मार्गिका काढली की हे भागेल का?

सुतारपेठ

ताई, बँकांच्या फर्निचरची कामे मी बरीच वर्षे करीत आहे. 'यू' आकार चांगला दिसतो आणि उद्घाटनाच्या छायाचित्रातही उठून दिसतो, त्यामुळे तो बदलू नका. काउंटरच्या मागे तीन फूट मोकळे ठेवा आणि दोन टोकांना कमरेइतकी झुलती दारे द्या, म्हणजे कर्मचाऱ्यांची ये-जा वेगळी झाली. स्ट्राँगरूमच्या काँक्रीटवरही फार खर्च करू नका. नऊ इंची विटांची भिंत बांधून आतून सहा मिलिमीटरचा पोलादी पत्रा ठोकला की काम होते. पतसंस्थांसाठी आम्ही असेच करतो आणि आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

जुना रोखपाल

मोजपट्टीताई, मी निवृत्त बँक अधिकारी आहे. काही वर्षे रोख विभागात काढली आणि पुढे शाखांच्या जागा पाहण्याचे कामही माझ्याकडे होते. आपल्याला मिळालेला शेरा मार्गिकेच्या रुंदीविषयी नाही, तो रोकड कोणत्या वाटेने जाते याविषयी आहे. आराखड्यावर एक लाल रेघ ओढून पाहा. सकाळी शाखा उघडण्यापूर्वी दोन अधिकारी आपापल्या किल्ल्यांनी तिजोरी उघडतात आणि रोकड पेटीतून रोखपालाकडे येते. दुपारी नोटा कमी पडल्या की पुन्हा तीच वाट, जास्त जमल्या की उलट वाट. एटीएममध्ये भरणा करायचा तर तिसरी खेप. आणि संध्याकाळी मोजणी संपल्यावर सगळे परत आत. आपल्या आराखड्यात स्ट्राँगरूम मागे डावीकडे आणि रोखपाल पुढे उजवीकडे असल्यामुळे ही रेघ 'यू'च्या तिन्ही बाजूंनी, पाचही टेबलांच्या मागून फिरते. व्यवहारात एवढा वळसा कोणी घालणार नाही. महिन्याभरात शिपाई पेटी उचलून सरळ दालनातून, ग्राहकांच्या खांद्याला खांदा लावून चालू लागेल.

म्हणून पहिली गोष्ट अशी की स्ट्राँगरूम, रोखपालाची केबिन आणि एटीएमची मागची बाजू या तिन्ही जागा एकाच पट्ट्यात आणाव्यात आणि त्या पट्ट्यात ग्राहकाचे पाऊल पडू नये. आपल्या गाळ्यात डावीकडचा दहा फुटांचा पट्टा त्यासाठी सरळ मोकळा मिळतो. सर्वांत पुढे एटीएम, त्याचे मागचे दार याच पट्ट्यात उघडणारे. मग इतर कामांचे तीन काउंटर एका ओळीत. आणि ओळीच्या आतल्या टोकाला रोखीची केबिन. तिच्यामागे लगेच स्ट्राँगरूमसमोरची बंद जागा. लाल रेघ मग मागून पुढे सरळ जाते आणि दालनाला कोठेही छेदत नाही.

दुसरी गोष्ट काउंटरच्या क्रमाची. रोखीचे काउंटर दाराजवळ ठेवले की सर्वांत लांब रांग दारातच उभी राहते. चौकशीला आलेला माणूस, पासबुक छापायला आलेला विद्यार्थी, लॉकरसाठी आलेल्या बाई या सगळ्यांना ती रांग भेदून आत यावे लागते, आणि सुरक्षारक्षकाला त्या गर्दीपलीकडचे काहीच दिसत नाही. उलट रोखीची केबिन खोल ठेवली तर रांगेला आत वाढायला जागा मिळते आणि पैसे घेऊन पळणाऱ्यालाही दालनाची पूर्ण लांबी ओलांडावी लागते.

सुतारपेठ यांच्या झुलत्या दारांविषयी एवढेच म्हणतो की इतर काउंटरांना ती चालतील, रोखपालाच्या केबिनला चालणार नाहीत. तिचे दार आतून कडी लावून बंद राहिले पाहिजे. 'यू' आकारात ग्राहक तिन्ही बाजूंनी कर्मचाऱ्यांच्या पडद्यांकडे पाहू शकतो, हेही लक्षात घ्यावे.

काँक्रीटवाला

भिंतीविषयी मी बोलतो, कारण हा माझा व्यवसाय आहे. सुतारपेठ यांचे म्हणणे एका मर्यादेत बरोबर आहे. लॉकर नसलेल्या आणि रात्री थोडीच रक्कम ठेवणाऱ्या लहान पतसंस्थेने चांगली प्रमाणित तिजोरी घेऊन ती जमिनीत बोल्टने पक्की केली तर तेवढ्यावर भागू शकते. तेथे खरे संरक्षण तिजोरीचे असते, खोलीचे नसते. लॉकर आले की हिशेब बदलतो, कारण लॉकरच्या कपाटाचा पत्रा तिजोरीइतका जाड नसतो आणि खोली हेच मुख्य संरक्षण ठरते. नऊ इंची वीटकाम छिन्नी-हातोड्याने फुटते, आणि त्यावरचा पत्रा गॅस कटरने कापला जातो. त्यामुळे भिंती, जमीन आणि छत या सहाही बाजू सळईच्या काँक्रीटच्या लागतात. बहुतेक बँकांच्या तपशीलपत्रकात १२ इंच जाडी आणि १२ मिलिमीटर सळईच्या दोन जाळ्या सहा-सहा इंचांवर असतात. त्यातली एक जाळी दुसरीच्या मानाने अर्धे घर सरकवलेली असते, म्हणजे एका सळईच्या मागच्या मोकळ्या जागेसमोर दुसरी सळई येते. आपल्या बँकेचे पत्रक मागून घ्या आणि त्याप्रमाणेच करा.

जमिनीवर मी मुद्दाम भर देतो. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईतील जुईनगर येथे चोरांनी जवळचा गाळा भाड्याने घेऊन तेथून भुयार खणले आणि बँकेच्या लॉकरखोलीत खालून शिरून लॉकर फोडले. हरियाणातील गोहाना येथे २०१४ मध्ये एका रिकाम्या इमारतीतून असेच भुयार खणले गेले होते. भिंत कितीही जाड असली आणि खाली मुरमाच्या भरावावर नुसती फरशी असली तर तो पैसा वाया जातो.

आता वजन पाहा. एक फूट जाड आणि दहा फूट उंच काँक्रीटची भिंत दर मीटर लांबीला साधारण सव्वादोन टन भरते. खोली बाहेरून १३ × १६ फूट धरली तर भिंतींची लांबी सुमारे साडेसोळा मीटर होते, म्हणजे नुसत्या भिंती ३७ टन. वरचे छत १४ टनांच्या वर जाते. सगळे मिळून पन्नास टनांहून अधिक, आणि लॉकरची कपाटे व तिजोरी वेगळी. इतके वजन जोत्याच्या भरावावर टाकले तर जमीन खचते आणि भिंतीला तिरपी चीर जाते. तालुक्याच्या गावी काळी माती असण्याचा संभव आहे. तसे असेल तर ती काढून मुरमापर्यंत खणा आणि खोलीला स्वतंत्र राफ्ट, म्हणजे पूर्ण खोलीखाली पसरलेला काँक्रीटचा सलग पाया, द्या. इमारतीच्या खांबांच्या पायाला ही खोली जोडू नये. शेजारील खांबाच्या पायाजवळ खणताना त्याच्या तळाखालची माती मोकळी होणार नाही, याकडे मूळ संरचना अभियंत्याने लक्ष द्यायला हवे.

एक प्रश्न : इमारतीच्या स्लॅबखाली जमिनीपासून किती उंची मिळते?

मोजपट्टी

आपणा दोघांचे मनापासून आभार. स्लॅबखाली १२ फूट मिळतात आणि माती काळीच आहे. उंचीचा संबंध मला समजला नाही.

आणखी एक अडचण आहे. संचालक मंडळातील एक सदस्य स्ट्राँगरूम नैर्ऋत्येलाच हवी असा आग्रह धरत आहेत.

जुना रोखपाल

आपला रस्ता पश्चिमेला आहे, म्हणजे नैर्ऋत्य कोपरा पुढे उजवीकडे, जेथून ग्राहक आत येणार आणि जेथे काचेचे दर्शनी दार येणार तेथेच. त्या सदस्यांना आराखड्यावर बोट ठेवून एवढे दाखवा, आग्रह आपोआप मावळेल. तरीही समाधान झाले नाही तर खोलीच्या आत तिजोरी नैर्ऋत्य कोपऱ्यात ठेवता येते आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही. मी ही तडजोड होताना अनेकदा पाहिली आहे.

काँक्रीटवाला

उंचीचा संबंध असा. नवे छत आधीच्या स्लॅबखाली ओतायचे आहे. वर माणूस वाकून काम करू शकेल, व्हायब्रेटर फिरवता येईल, एवढी फट लागते. आतली उंची आठ फूट धरली तर त्यावर एक फूट जाडीचे छत, आणि वर तीन फूट उरतात. म्हणजे आपल्याकडे जमते. दहा फुटांच्या स्लॅबखाली ते जमत नाही आणि मग ठेकेदार भिंती थेट जुन्या स्लॅबला भिडवून मोकळा होतो. तो जुना स्लॅब पाच-सहा इंचांचाच असल्याने वरच्या मजल्यावरून खोली उघडी पडते, आणि पाहणाऱ्याला खालून काहीच कळत नाही.

मात्र ही तीन फुटांची फट आडोसाही होते. फॉल्स सीलिंग तिच्यासमोर चढवून ती झाकून टाकू नका. समोरून जाळी लावा आणि आत हालचाल टिपणारा सेन्सर बसवा.

दुसरे असे की स्ट्राँगरूमचे दार आणि आत अडकलेल्या माणसासाठीचा इमर्जन्सी व्हेंटिलेटर या दोन्हींच्या चौकटी सळई बांधतानाच जागेवर लागतात, नंतर भिंत फोडून बसवायच्या नसतात. त्यामुळे दाराची मागणी पायाचे काम सुरू होताच नोंदवा. दार न आल्यामुळे तीन भिंती उभ्या आणि चौथी रखडलेली, असे दृश्य नेहमीचे आहे.

नाण्यांचा डबा

या चर्चेत विचारतो म्हणून क्षमस्व. माझा लॉकर ज्या शाखेत आहे तेथील खोलीत कुबट वास येतो, भिंतीच्या तळाला पांढरी पावडर सुटते आणि लॉकरच्या बिजागऱ्या गंजल्या आहेत. आईच्या जुन्या पैठणीवर डाग पडले. बँक म्हणते की पावसाळ्यात असे होतेच. लॉकरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात का, आणि अशा वेळी भाडे कमी करून मागता येते का?

जुना रोखपाल

पुड्या ठेवल्याने आपल्या लॉकरपुरता थोडा फरक पडेल. भाड्याचे मात्र बँकेशीच बोलावे लागेल. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी लॉकरविषयी सुधारित सूचना दिल्या आणि त्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या. पावसाचे किंवा पुराचे पाणी शिरून लॉकर खराब होऊ नयेत अशी जागा असावी, असे त्यांत सांगितले आहे. आपण लेखी तक्रार देऊन या सूचनांचा उल्लेख करावा.

मोजपट्टीताईंसाठीही हे उदाहरण उपयोगाचे आहे. भिंतीच्या तळाला पांढरे क्षार सुटणे म्हणजे ओल खालून चढते आहे. राफ्टखाली ओलरोधक थर नसला किंवा मागच्या मोकळ्या जागेतील पाणी भिंतीशी साचत असले की असे होते. कुबट वासाचे कारण बहुधा वेगळे असते. खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा लावलेला असतो, पण हवा आत येण्याची सोयच नसते. दार बंद असताना पंखा नुसता घुरघुरतो. काडेपेटीची पेटती काडी विझवून तिचा धूर पंख्यापाशी नेऊन पाहा. धूर ओढला जात नसेल तर हवा आत येत नाही. झडप असलेली, सरळ आरपार न जाणारी आणि आतून-बाहेरून गज लावलेली छोटी वाट समोरच्या भिंतीत ठेवावी लागते.

आणि आपल्या पहिल्या आराखड्यात स्ट्राँगरूम दवाखान्याच्या स्वच्छतागृहाखाली येते. वरचा सांधा गळला की पाणी नव्या छतावर साचेल आणि ते कोणाला दिसणारही नाही.

मोजपट्टी

या सूचनांवरून मी मागचा सोळा फुटांचा पट्टा नव्याने आखला आहे. डाव्या टोकाला, दवाखान्याच्या स्वच्छतागृहांच्या बरोबर खाली, आमचे स्वच्छतागृह आणि चहाची जागा साडेपाच फुटांत घेतली; म्हणजे ओल्या जागेखाली ओलीच जागा आली आणि नळांचे उभे पाइपही जुळले. त्यानंतर साडेतीन फुटांची कर्मचाऱ्यांची मार्गिका. मग १३ फुटांची स्ट्राँगरूम, आणि उजव्या टोकाला आठ फुटांची दप्तरखोली. अशा रीतीने शेजारचे दुकान आणि स्ट्राँगरूम यांच्यात नऊ फूट अंतर पडले. स्ट्राँगरूमसमोर सहा फूट खोल बंद जागा ठेवली आहे. तिला डावीकडून रोखपालाच्या केबिनचे दार आणि उजवीकडून व्यवस्थापकांच्या केबिनलगतचे ग्रिलचे दार आहे. लॉकरचे ग्राहक या उजव्या दाराने येतील.

एक शंका उरते. लॉकरचा ग्राहक आत असताना रोखपालाला तिजोरीतून रक्कम हवी झाली तर काय करायचे? दोघांची दारे वेगळी असली तरी खोली एकच आहे.

जुना रोखपाल

आता आराखडा बँकेसारखा दिसू लागला. आपली शंका अगदी नेमकी आहे आणि बहुतेक जण ती शाखा सुरू झाल्यावरच काढतात.

२०२१ च्या सूचनांप्रमाणे लॉकरखोलीला आत-बाहेर जाण्याचा एकच निश्चित मार्ग असावा आणि त्या मार्गाचे व सामाईक जागेचे चित्रण किमान १८० दिवस जपून ठेवावे लागते. त्यामुळे स्ट्राँगरूमला दुसरे दार काढण्याचा विचार नको. खोली आतून साधारण ११ × १४ फूट आहे. दारातून आत गेल्यावर डावीकडचे चार फूट रोख तिजोरीसाठी ग्रिलने वेगळे करा आणि त्या ग्रिलला स्वतंत्र कुलूप द्या. ग्रिलला माणसाच्या उंचीपर्यंत पत्रा लावा, म्हणजे लॉकरसमोर उभ्या असलेल्या माणसाला नोटांची पेटी दिसणार नाही आणि रोखपालालाही कोण काय ठेवते आहे ते दिसणार नाही. उजवीकडचे सात फूट लॉकरसाठी. कपाटे दोन बाजूंच्या भिंतींना लावून मध्ये उघडलेले दार आणि एक माणूस मावला पाहिजे.

एवढे करूनही एका वेळी दोन कामे करू नयेत. लॉकरच्या वेळा ठरवून द्याव्यात आणि रोखपालाने सकाळी दुपारपर्यंत पुरेल एवढी रक्कम केबिनमधील लहान तिजोरीत घ्यावी, ही साधी शिस्त आहे. केबिनमध्ये त्या लहान तिजोरीला, नोटा मोजण्याच्या यंत्राला आणि बनावट नोटा तपासण्याच्या यंत्राला जागा आणि विजेचे स्वतंत्र पॉइंट आहेत ना, ते पाहा. दोन रोखपालांची केबिन एकच असावी की प्रत्येकाची वेगळी, याविषयी बँकांत मतभेद आहेत. मी वेगळीच पसंत करतो, कारण संध्याकाळी रक्कम कमी भरली की ती कोणाची, हा वाद उरत नाही.

चालू खाते

मी सध्या एका शाखेचा व्यवस्थापक आहे. स्ट्राँगरूमवर सगळेच बोलले, पण रोजची भांडणे रांगेत होतात, म्हणून थोडे त्याविषयी. मोजपट्टी यांनी बँकेकडून गर्दीचे आकडे घेतले आहेत का? महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतन आणि आमच्या भागात ऊसबिल जमा झाले की सरासरीचे सगळे हिशेब कोलमडतात. दालन त्या दिवसांसाठी आखावे लागते.

मोजपट्टी

बँकेने दिलेला अंदाज असा : गर्दीच्या दिवशी साडेदहा ते साडेबारा या वेळेत तासाला सुमारे ४५ जण रोखीसाठी येतात आणि दार उघडण्यापूर्वीच पंधराएक जण बाहेर उभे असतात. एका व्यवहाराला साधारण तीन मिनिटे लागतात.

चालू खाते

मग गणित सरळ आहे. तीन मिनिटांप्रमाणे एक रोखपाल तासाला २० जण करतो, दोघे मिळून ४०. येतात ४५, म्हणजे दर तासाला पाच जण साचतात. सुरुवातीचे पंधरा धरले तर दोन तासांनी पंचवीस जण ताटकळलेले असतील. आणि हे कोणी विटलेल्या नोटांचे पुडके घेऊन आला नाही असे धरून. एका माणसाला रांगेत दोन फूट धरले तर पन्नास फुटांची रांग होते. ती आपल्या २८ फुटांच्या दालनात सरळ मावणार नाही, दाराबाहेर जाईल. तीन घड्या घातल्या तर प्रत्येकी सतरा फूट लांब आणि तीन फूट रुंद, म्हणजे सुमारे ९ × १७ फुटांची जागा लागते. शिवाय काउंटरसमोर चार फूट मोकळे हवेत, कारण पैसे मोजणाऱ्याच्या मानेवर दुसऱ्याचा श्वास आला की तक्रार होते.

दोन काउंटरांसाठी दोन रांगा लावू नका. एकच रांग ठेवा आणि जो रोखपाल मोकळा होईल त्याच्याकडे पुढचा माणूस जाऊ द्या. दोन रांगांत एकीपुढे दुकानदाराचा मोठा भरणा आला की ती रांग थांबते आणि मागचे लोक दुसरीत घुसतात. टोकन यंत्र असेल तर फारच छान, पण ते चालू राहील असे गृहीत धरून बसायचीच जागा आखू नका. यंत्र बंद पडले की त्याच बाकड्यांमधून रांग वळवावी लागते. म्हणून बाकडी जमिनीत पक्की करू नका आणि पासबुक छापण्याचे यंत्र रांगेच्या घडीत ठेवू नका. एका शाखेत ते काउंटरलगत ठेवले होते आणि पासबुकवाले व पैसेवाले रोज एकमेकांशी हुज्जत घालत.

सुतारपेठ

गणित पटले. पण नऊ फूट रुंदीची घडी, चार फूट मोकळी जागा आणि वर बाकडी घातली तर दालनाची वीस फूट रुंदी लगेच संपते, आणि व्यवस्थापकांची केबिनही त्याच बाजूला आहे. तिसरा रोखपाल बसवला तर रांगच उरणार नाही, मग एवढी जागा कशाला अडवायची?

चालू खाते

तिसऱ्या खिडकीची सोय जरूर करून ठेवा, मीही तेच सुचवणार होतो. त्या खिडकीवर बसायला माणूस मिळेल की नाही, ते मात्र आराखड्यात ठरत नाही. आमच्याकडे तीन खिडक्या आहेत आणि वर्षातले बहुतेक दिवस तिसरीवर 'बंद' अशी पाटी असते.

पायरीमुक्त

माझे वडील व्हीलचेअर वापरतात, म्हणून मी फक्त दारापर्यंतचे विचारते. रस्त्यापासून जोते किती उंच आहे? बहुतेक शाखांत रॅम्प असतो, पण तो घसरगुंडीसारखा असतो आणि सुरक्षारक्षकाला मागून रेटावे लागते. आत गेल्यावर काउंटर वडिलांच्या कपाळाइतका उंच असतो. सही करण्यासाठी ते कागद मांडीवर घेतात.

मोजपट्टी

जोते अडीच फूट उंच आहे. एकास बारा या उताराने ३० फूट लांबीचा रॅम्प लागतो आणि समोर फक्त दहा फूट खोल जागा आहे. त्यामुळे तो समोरच्या भिंतीलगत दोन पट्ट्यांत घ्यावा लागेल : उजवीकडून सुरू होऊन डावीकडे १५ फूट, तेथे पाच फुटांची सपाट जागा, आणि वळून पुन्हा १५ फूट उजवीकडे, थेट प्रवेशद्वाराच्या ओट्यापर्यंत. प्रत्येक पट्टा चार फुटांचा धरला तर आठ फूट खोल जागा लागते आणि उजवीकडच्या दहा फुटांत पायऱ्या बसतात. सपाट जागेत व्हीलचेअर वळण्यासाठी पाच फुटांचे वर्तुळ मिळते. प्रश्न एटीएमचा आहे, कारण त्याच्यासमोर आता उताराचा पट्टा येतो. त्याचे दार बाजूने, प्रवेशाच्या ओट्याकडे वळवावे लागेल. समोरच्या मोकळ्या जागेत रॅम्प बांधायला नगरपरिषद परवानगी देईल का, ते अद्याप विचारलेले नाही.

काउंटरचे म्हणाल तर चौकशीच्या काउंटरचा तीन फुटांचा भाग अडीच फूट उंचीवर उतरवते आणि त्याखाली गुडघे जातील अशी पोकळी ठेवते.

पायरीमुक्त

चौकशीचा काउंटर उतरवला हे चांगले झाले. परंतु वडील चौकशीला जात नाहीत, पैसे काढायला जातात.

जुना रोखपाल

ताईंचे म्हणणे रास्त आहे. रोखीची एक खिडकी खाली उतरवता येते. काचेची उंची मात्र जमिनीपासून तीच ठेवावी, म्हणजे फळी खाली आली म्हणून वरून हात घालता येणार नाही. बाहेरची फळी खाली आली तरी आतल्या बाजूला रोखपालाचे टेबल त्याच उंचीचे असते, त्यामुळे त्यालाही अडचण होत नाही.

काँक्रीटवाला

एक मुद्दा राहून गेला. मागच्या मोकळ्या जागेत ड्रेनेजचे चेंबर कोठे आहेत? स्ट्राँगरूमच्या राफ्टखालून कोणतीही वाहिनी जाऊ देऊ नका. दुरुस्तीसाठी खणता येत नाही, आणि ज्याला खणायचे आहे त्याला आयती वाट मिळते. दुसरा प्रश्न आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा. डावीकडच्या पट्ट्यातले आठ-दहा कर्मचारी, आतली मार्गिका आणि स्वच्छतागृह यांना पुढच्या दाराखेरीज वाट नाही. मार्गिकेच्या टोकाला मागे दार का काढत नाही?

जुना रोखपाल

मागचे दार मला मान्य नाही. स्ट्राँगरूमच्या बाजूने, निर्मनुष्य बोळात उघडणारे दार म्हणजे रात्रीच्या चोराला दिलेले आमंत्रण आहे. दुपारी चहावाला त्याच दाराने येऊ लागतो आणि आठवड्याभरात त्याची कडी कायमची निघते.

काँक्रीटवाला

कडी निघते हा व्यवस्थापनाचा दोष झाला, दाराचा नव्हे. आतून दाबताच उघडणारे, बाहेरून मूठ नसलेले आणि उघडताच घंटा वाजवणारे पोलादी दार मिळते. यूपीएसच्या बॅटऱ्यांना पुढच्या बाजूला आग लागली तर आतल्या माणसांनी धुरातून पन्नास फूट चालत यायचे का?

चालू खाते

आमच्या शाखेत मागे दार आहे आणि सुरक्षा विभागाच्या आदेशाने त्याला बाहेरून कुलूप आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंचे समाधान झाले आहे आणि उपयोग कोणालाच नाही. मोजपट्टी यांनी अग्निशमन अधिकाऱ्यांचे आणि बँकेच्या सुरक्षा अधिकाऱ्यांचे मत एकाच बैठकीत घ्यावे, वेगवेगळे घेऊ नये. वेगवेगळे घेतले तर दोन परस्परविरोधी पत्रे हाती येतात.

मोजपट्टी

बैठक पुढच्या आठवड्यात ठरवते. तोवर मार्गिकेच्या टोकाला दाराएवढी जागा तुळईसह सोडून ती सध्या विटांनी बंद दाखवते, म्हणजे निर्णय कोणताही झाला तरी पायाचे काम थांबणार नाही. यूपीएस दप्तरखोलीतून काढून उजव्या बाजूच्या खिडकीलगत स्वतंत्र कप्प्यात घेते. चेंबर पाहून आले. एक चेंबर बरोबर स्ट्राँगरूमच्या मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर आहे आणि त्याची वाहिनी आडवी उत्तरेकडे जाते. खोलीखालून जात नसली तरी ती भिंतीला एवढी जवळ चालेल का, की चेंबर सोसायटीकडून हलवून घ्यावे?

काँक्रीटवाला

हलवून घ्या. राफ्टसाठी मुरमापर्यंत खणताना ते चेंबर तसेही मोकळे होऊन कलंडणार आहे, आणि ते गळू लागले की पाणी पहिल्यांदा तुमच्याच भिंतीकडे येईल. खणण्यापूर्वी हलवले तर सोसायटी कदाचित खर्च वाटून घेईल.